दुचाकीची बॅटरी घरी चार्ज करताना : आधी काय जोडायचं, आणि का?



आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ आहे. त्यात कोरड्या घटासोबत लेड-आम्ल विद्युत घटही येतो. शिशाचा एक इलेक्ट्रोड, लेड डायऑक्साइडचा दुसरा, मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल आणि दोघांमध्ये सुमारे २ व्होल्ट विभवांतर. आपण आकृती काढून घेतो, नावे द्यायला लावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे जातो. असे सहा घट एकामागोमाग जोडून एका प्लास्टिकच्या डब्यात बसवले की १२ व्होल्टची बॅटरी होते, आणि ती आपल्या शाळेच्या पार्किंगमधल्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोलच्या गाडीत असते. जून महिन्यात शाळा उघडते त्या सकाळी हा पाठ पुस्तकातून उठून थेट आपल्या अंगणात येतो. दीड महिना उभी असलेली स्कूटर बटण दाबल्यावर फक्त 'टक्' करते आणि गप्प बसते.

पूर्वी अशा वेळी किक मारून काम भागायचे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल इंजेक्शनचा पंप आणि कंट्रोल युनिट बॅटरीवर चालते, अनेक मॉडेलना तर किकच नाही. त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली की गाडी ढकलून चालू होण्याची शक्यताही कमी. मग कोणीतरी सांगते, "छोटा चार्जर घ्या की, घरीच होतं." सल्ला बरोबर आहे. घरी होते. पण त्यात कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, आणि बॅटरी कुठे ठेवायची, हे दोन प्रश्न नीट समजून घ्यायला हवेत. नियम पाठ करून उपयोग नाही, कारण घाईत पाठ केलेला नियमच उलटा आठवतो. कारण कळले की क्रम आपोआप आठवतो.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, इंदापूरला राहणाऱ्या एक मॅडम आहेत. रोज स्कूटरवरून निमगाव केतकीकडच्या एका शाळेत जातात. मे महिन्याची सुट्टी लागली, त्या माहेरी गेल्या, स्कूटर जिन्याखाली उभी राहिली. बॅटरीवर लिहिले आहे १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास. म्हणजे अर्धा अँपिअर धारा घेतली तर ढोबळमानाने दहा तास पुरेल एवढा साठा.

चावी बंद असली तरी गाडी थोडीशी वीज खात राहते. घड्याळ, इलेक्ट्रॉनिक युनिट, कुणी लावला असेल तर जीपीएस किंवा अलार्म. आपण ही धारा फक्त २ मिलिअँपिअर धरू. ४५ दिवस म्हणजे १०८० तास. गुणाकार केला तर २१६० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ २.२ अँपिअर-तास गेले. शिवाय बॅटरी स्वतःच्या आत रासायनिक क्रियेने थोडी उतरते, आणि उकाड्यात हे उतरणे वाढते. इंदापूर-बारामतीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दीड महिन्यात आणखी अर्धा अँपिअर-तास सहज धरा. पाचातून २.७ गेले, उरले २.३. निम्म्याहून कमी. काही बिघाड नाही, कुणी काही केले नाही, नुसती गाडी उभी राहिली एवढेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी झाले ते हेच.

मॅडमच्या भावाने मल्टिमीटर लावला. वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर लाल टोक प्लसला, काळे मायनसला. आकडा आला १२.१. वाचणाऱ्याला वाटते, बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट दाखवते, मग भरलेलीच आहे! इथेच पुष्कळ जण फसतात. काही तास स्वस्थ असलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ ला ती साधारण निम्मी असते आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. म्हणजे रिकामे आणि भरलेले यांत एका व्होल्टचाही फरक नाही. दशांश चिन्हानंतरचा अंक इथे खरा अर्थ सांगतो. (दशांश अपूर्णांकाच्या तासाला सांगण्यासारखे आहे.)

चार्जर कोणता

ट्रिकल चार्जर म्हणजे थेंब-थेंब भरणारा चार्जर. दुचाकीच्या बॅटरीला किती धारा द्यायची याचा साधा अंदाज म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा. पाच अँपिअर-तासांना अर्धा अँपिअर. बऱ्याच बॅटऱ्यांच्या बाजूला हा आकडा आणि तास छापलेले असतात, ते आधी वाचा.

बाजारात त्यात दोन जाती मिळतात. एक स्वयंचलित : बॅटरी भरत आली की सुमारे १४.४ व्होल्टवर थांबते, मग धारा कमी करत करत १३.५-१३.८ वर नुसता आधार देत राहते. दुसरी साधी : आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाहेर दोन चिमटे. तिला बॅटरी भरली की नाही हे कळतच नाही. ती अर्धा अँपिअर ढकलत राहते. स्वस्त असते म्हणून घेतली जाते. घेतली असेल तर घड्याळ तुम्हीच, हे लक्षात ठेवा.

गॅरेजमधला ट्रॅक्टर-कारचा मोठा चार्जर या छोट्या बॅटरीला नको. लॅपटॉपचा चार्जर तर नाहीच, तो १९ व्होल्टच्या आसपास असतो. आणि राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून काही होत नाही, कारण बॅटरीचे स्वतःचे विभवांतरच १२ च्या वर आहे. पाणी उताराकडे जाते, चढावर नाही. गाडीत कुणी लिथियम बॅटरी बसवून घेतली असेल तर तिचा चार्जर वेगळा, हा लेख तिला लागू नाही.

हवा कशासाठी?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चार्जिंग करताना बॅटरीत उलटी क्रिया चालते :

2PbSO4 + 2H2O → Pb + PbO2 + 2H2SO4

दोन्ही पट्ट्यांवर साचलेले लेड सल्फेट विरघळून पुन्हा शिसे आणि लेड डायऑक्साइड होते, आम्ल पुन्हा तीव्र होते. हे काम चालू आहे तोवर वायू फारसा निघत नाही. पण सल्फेट संपत आले आणि आपण धारा ढकलतच राहिलो, तर त्या धारेला करायला काम उरत नाही. मग ती पाण्याचे विघटन करू लागते. ऋण पट्टीवर हायड्रोजन, धन पट्टीवर ऑक्सिजन. साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे हे जोरात सुरू होते. म्हणजे वायू हा बॅटरी भरल्याचा परिणाम आहे. धोका चार्जिंगच्या सुरुवातीला नसतो, शेवटाला असतो. आणि नेमके शेवटालाच आपण चिमटे काढायला जातो. हे वाक्य पुन्हा वाचा, पुढचा सगळा क्रम त्यातून निघतो.

किती वायू निघतो, ते मोजता येते. फॅरेडेच्या नियमाने एका घटातून एक अँपिअर-तास जादा गेला की आपल्याकडच्या तापमानाला सुमारे ०.४६ लिटर हायड्रोजन तयार होतो. सहा घटांचा मिळून पावणेतीन लिटर. समजा, मॅडमच्या भावाने साधा चार्जर संध्याकाळी लावला, रात्री दहाला बॅटरी भरली आणि तो सकाळी सहापर्यंत तसाच राहिला. आठ तास गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे ४ अँपिअर-तास जादा. झाकणे असलेल्या, पाणी भरायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून सुमारे ११ लिटर हायड्रोजन बाहेर पडला.

अकरा लिटर खूप की थोडा? ते तो कुठे पडला यावर आहे. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर ते मिश्रण पेट घेते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८ हजार लिटर हवा. त्यात ११ लिटर म्हणजे ०.०४ टक्के. काही होणार नाही. पण तीच बॅटरी "पोरांचा हात लागू नये" म्हणून ६० लिटरच्या प्लास्टिकच्या क्रेटखाली झाकून ठेवली, तर तोच वायू १८ टक्क्यांवर जातो. आणि बॅटरीच्या झाकणालगतच्या वीतभर जागेत, वायू जिथून बाहेर पडतो तिथे, तो खोली कितीही मोठी असली तरी पेटण्याइतका दाट असतोच.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, 'हवेशीर जागा' म्हणजे मोठी जागा नव्हे, उघडी जागा. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका. वरचा रस्ता मोकळा असेल तर तो क्षणात निघून जातो, वर छत-झाकण असेल तर त्याखाली साठतो. म्हणून जिन्याखालची कोठी, पलंगाखाली, कपाट, झाकलेले खोके, गाडीची बंद डिकी, हे सगळे बाद. ओसरी, पडवी, व्हरांडा, गच्चीच्या दाराजवळचा सावलीचा कोपरा उत्तम. दुसरी, कितीही उघडी जागा असली तरी बॅटरीच्या तोंडाजवळ ठिणगी नको म्हणजे नको.

स्वयंपाकघर सगळ्यांना कळते. देवघर मात्र पटकन लक्षात येत नाही. समई, उदबत्ती, धूप. प्लग-पॉइंट जवळ आहे म्हणून देवघराच्या कडेला बॅटरी लावलेली मी पाहिली आहे. आणि हायड्रोजनला वास नसतो, रंग नसतो, तो आहे हे नाकाला कळत नाही. पेट्रोलच्या वाफेला पेटायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून कमीत तो पेटतो. अंगातल्या सिंथेटिक कपड्याची चटकदेखील पुरते. असा छोटा स्फोट घर उडवत नाही. तो डबा फोडतो, आणि आतले सल्फ्युरिक आम्ल वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर उडवतो. खरी भीती डोळ्यांची आहे.

आजकालच्या बहुतेक दुचाकींत 'मेंटेनन्स फ्री', बंद बॅटरी असते. तिच्या आत तयार झालेला ऑक्सिजन पुन्हा वापरला जातो, त्यामुळे वायू फारच कमी निघतो. म्हणून तिच्याबाबतीत भीती कमी, पण शून्य नाही. जादा चार्ज झाली की तिच्यातली सुरक्षा झडप उघडते आणि वायू बाहेर येतो. शिवाय तिच्यात पाणी घालायची सोय नाही, गेलेले पाणी गेलेच. ही झाकणे उचकटून पाणी घालायचे प्रयोग करू नका. जुन्या प्रकारच्या बॅटरीत मात्र पातळी वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. पाणी डिस्टिल्डच, घरातल्या आरओचे नाही, त्यात क्षार उरतात. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच घाला, बाकीचे चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरली तर आम्ल उतू जाते. तिची वायू बाहेर सोडणारी बारीक नळी चेपलेली किंवा चिखलाने बुजलेली नाही ना, हेही पाहा. झाकणे काढून चार्ज करायचे की लावून, ते त्या बॅटरीच्या पुस्तिकेप्रमाणे.

क्रम

क्रम तीन ठिकाणी लागतो : गाडीतून बॅटरी काढताना, चार्जर जोडताना-सोडताना, आणि परत बसवताना. तिन्हींमागे कारणे दोनच आहेत.

पहिले कारण : गाडीची सगळी लोखंडी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते. तुम्ही प्लसचा नट पान्याने सोडवताय आणि पान्याचे दुसरे टोक चासीला टेकले, तर पाना थेट प्लस-मायनसमधला रस्ता होतो. ५ अँपिअर-तासांची एवढीशी बॅटरी, पण स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली. ती क्षणभर पन्नास-शंभर अँपिअर सहज देते. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात. पण मायनस आधीच काढलेली असेल तर बॉडीचा बॅटरीशी संबंधच तुटतो, मग पाना चासीला टेकला तरी काही होत नाही. आणि मायनस काढताना पाना बॉडीला लागला तर? तेव्हा दोन्हीकडे मायनसच आहे, काहीच घडत नाही. म्हणून काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.

मुलांना हे फळ्यावर एक वर्तुळ काढून विचारा, ती स्वतः सांगतात. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका. मायनसची वायर काही गाड्यांत काळी असते, काहींत हिरवी, आणि कुठल्या तरी दुरुस्तीत कुणी हाताला येईल ती वायर लावलेली असते. डब्यावर कोरलेली + आणि − ही चिन्हेच खरी. हातातली अंगठी, कडे, लोंबणारे मंगळसूत्र काढून ठेवा, तोही धातूच आहे.

दुसरे कारण : कोणताही चालू मंडल जोडताना जो सांधा शेवटी जुळतो तिथे ठिणगी पडते, आणि सोडताना जो सांधा आधी तुटतो तिथे. घरातला पंखा चालू असताना प्लग उपसला की निळी चमक दिसते, तीच ही. आपल्याला ती ठिणगी बॅटरीजवळ नको आहे. मग शेवटचा सांधा भिंतीवरच्या बटणाचा करायचा. ठिणगी पडायचीच तर बटणाच्या आत, बॅटरीपासून लांब पडू दे.

तर मॅडमच्या भावाने असे करावे. चावी बंद. गाडी उघड्यावर. आधी मायनसचा स्क्रू सोडवून वायर बाजूला वाकवायची, मग प्लस. बॅटरी उचलून ओसरीवर, पाटावर किंवा जुन्या पायपुसण्यावर, उभीच ठेवायची. (फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, असे जुनी माणसे सांगतात. लाकडी पेट्यांच्या जमान्यात त्यात तथ्य होते, आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. पाट एवढ्यासाठी, की आम्ल सांडले तर फरशीवर डाग नको.) चार्जरचा प्लग अजून भिंतीत नाही. लाल चिमटा प्लसला, मग काळा चिमटा मायनसला. चिमटे हलवून पाहायचे, ते सैल असतील तर चार्जिंग चालू असताना सुटतील आणि ठिणगी नेमकी नको तिथे पडेल. वायर येण्याजाण्याच्या वाटेत नको. आता प्लग, आणि सगळ्यात शेवटी बटण.

सोडताना बरोबर उलटे. बटण बंद, प्लग बाहेर, मग पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यायचे. बॅटरी नुकतीच भरली आहे, म्हणजे वायूही आताच सर्वाधिक आहे, त्याला निघून जाऊ द्या. मग काळा चिमटा, शेवटी लाल. चेहरा बॅटरीच्या अगदी वर नको, आणि साधा चष्मा असला तरी चालेल, पण डोळ्यांवर काहीतरी असावे.

बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करायची असेल तर सीट किंवा बाजूचे पॅनेल उघडे ठेवून करा. लाल चिमटा प्लसला, आणि काळा चिमटा बॅटरीच्या मायनसऐवजी चासीच्या रंग नसलेल्या बोल्टला, बॅटरीपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब. कारण तेच, ठिणगी पडली तर दूर पडावी. तरी सुटी काढून चार्ज करणे मला अधिक पसंत आहे. जवळ पेट्रोलची टाकी असताना आणखी एक वायू कशाला?

एक शंका नेहमी विचारली जाते : प्लग काढलेला असताना आधी लाल की आधी काळा, याने फरक पडतो का? सुट्या बॅटरीला फारसा नाही. महत्त्व आहे ते बटण शेवटी असण्याला. पण एकच सवय असली की गाडीवर काम करतानाही हात चुकत नाही, म्हणून लाल आधी.

किती वेळ, आणि बिघडले हे कसे ओळखायचे

मॅडमच्या बॅटरीतून २.७ अँपिअर-तास गेले होते. भरताना थोडे वाया जाते, म्हणून सुमारे ३.२ द्यावे लागतील. अर्धा अँपिअरने साडेसहा तास. शेवटी स्वयंचलित चार्जर धारा कमी करतो, त्यामुळे आठ तास धरा. सकाळी आठला लावली तर चार वाजता काढता येते. माझा आग्रह दिवसाचा आहे. रात्री लावून झोपलात तर ती गरम झाली हे कुणाला कळणार? लाइट गेली तर वेळ लिहून ठेवा आणि गेलेले तास पुढे जोडा. वळवाचा पाऊस, वीज कडाडत असेल तर प्लग काढून ठेवलेला बरा.

दर तास-दोन तासांनी डब्याच्या बाजूला हाताची पाठ लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबवा. डबा फुगलेला दिसला, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तरी थांबवा. तो वास हायड्रोजनचा नाही, हायड्रोजन सल्फाइडचा आहे, आणि बॅटरी आतून फारच तापल्याचे लक्षण आहे. थांबवायचे म्हणजे आधी भिंतीवरचे बटण, चिमट्यांना हात नाही. दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाजूला घ्या, बॅटरी पूर्ण थंड होईपर्यंत तशीच राहू द्या. अंगावर आम्ल उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर किमान पंधरा मिनिटे वाहते पाणी आणि मग थेट डॉक्टर. खाण्याचा सोडा फरशीसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही.

आमच्या भागातल्या उन्हाचाही हिशेब धरायला हवा. चार्जरचे आकडे साधारण २५ अंशांसाठी ठरवलेले असतात. त्याच्यावर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी लागतात. ४० अंशांना ०.३ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे १३.८ चा आधार मे महिन्यात १३.५ इतका पुरेसा असतो, आणि १३.८ वर महिनाभर लावून ठेवली तर ती हळूहळू सुकते. तापमान ओळखणारा चार्जर नसेल तर उन्हाळ्यात कायम लावून ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा काही तास पुरे.

चार्जिंग संपल्याबरोबर मीटर लावला तर १३ च्या वर आकडा येतो आणि सगळे खूश होतात. तो वरवरचा फुगवटा आहे. रात्रभर सुटी राहू द्या, सकाळी मोजा. मॅडमची बॅटरी दुसऱ्या दिवशी १२.७ वर स्थिर राहिली तर ती ठीक. १२.३ वर आली तर पट्ट्यांवर सल्फेट कडक बसले आहे. ते फार दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने होते, आणि अशी बॅटरी पूर्ण कधीच भरत नाही. आणि आकडा १०.५ च्या आसपास अडकला तर? १२.६ मधून २.१ वजा करा. सहापैकी एक घट मेला आहे. ती कितीही चार्ज करा, उठणार नाही. काही स्वयंचलित चार्जर अशा बॅटरीला जोडल्यावर सुरूच होत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, भंगारात फोडू देऊ नका.

परत बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी, स्क्रू घट्ट. मग मीटर लावून ठेवूनच स्टार्टर दाबा आणि आकडा बघायला मुलाला किंवा मुलीला बसवा. दाबताना तो १० च्या आसपास खाली जातो आणि सुटल्यावर वर येतो. ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी अशक्त आहे. इंजिन चालू झाल्यावर थोडा ॲक्सिलरेटर देऊन पाहा : १३.५ ते १४.५ दिसले तर गाडी स्वतः बॅटरी भरते आहे. इंजिन चालू असूनही आकडा १२.३ वरच घुटमळत असेल तर दोष बॅटरीचा नाही. मग मेकॅनिक ज्याला आरआर युनिट म्हणतात ते रेग्युलेटर-रेक्टिफायर, किंवा मॅग्नेटोची कॉइल पाहावी लागते. नाहीतर दर आठवड्याला चार्जर लावत बसाल.

वर्गात दाखवायचे असेल तर चार्जिंग दाखवू नका. त्याऐवजी शाळेच्या आवारात एकाच गाडीचे चार आकडे मुलांकडून लिहून घ्या : चावी बंद असताना, चावी चालू करून दिवे लागल्यावर, स्टार्टर दाबताना, आणि इंजिन चालू असताना. बारामती एमआयडीसीत २०१२ पासून व्हेस्पा तयार होतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील अशा कारखान्यात असतील तर मीटर त्यांच्या हाती द्या. चारही आकडे फळ्यावर आले की एकच प्रश्न विचारा : चौथा आकडा पहिल्यापेक्षा मोठा का?